साठ तासांनंतरची लस

४ जुलै १८८५. अल्सासमधल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेला कुत्रा चावला. पॅरिसमध्ये लुई पाश्चरची पहिली लस मिळेपर्यंत साठ तास उलटले होते. दहा दिवसांत तेरा इंजेक्शनं झाली आणि पोरगा वाचला.

इतक्या उशिरा लस कशी लागू पडली? बघा, रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. तेवढ्या अवधीत लसीमुळे शरीर प्रतिपिंडं तयार करतं. लक्षणं दिसली म्हणजे विषाणू मेंदूत पोचलाय. मग लस उपयोगाची नाही, मृत्यू जवळपास अटळ.

म्हणून चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. तिथला विषाणू तिथेच कमी होतो. लस त्याच दिवशी सुरू करायची. तो शून्य दिवस धरून दंडातले पुढचे डोस ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, कारण लसीची प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस जातात.