चिन्हसंचाची एकसूत्रता : ठिपक्यांकडून नियमाकडे

इ. स. 1984 च्या मॅकिन्टॉश संगणकासाठी सुसान केअर यांनी 32 × 32 ठिपक्यांच्या चौकटीत चिन्हे रेखाटली. रेषा एका ठिपक्याहून बारीक होणे शक्यच नव्हते. त्यामुळे जाडी बव्हंशी आपोआप जुळे. पुढे चिन्हे हव्या त्या आकारात ताणता येऊ लागली आणि हे बंधन सुटले. म्हणून गूगलच्या ‘मटेरियल’ संचात नियम लिहून ठेवावा लागला : 24 एककांची चौकट, 2 एककांची रेषा, बाह्य कोपऱ्यास 2 एककांची गोलाई. असे चिन्ह 16 एककांवर आणले, की रेषा 1.33 उरते, मुळात 16 साठी 2 च्या रेषेने काढलेल्या चिन्हाशेजारी ते फिके दिसते.

मापे जुळली तरी अर्थ जुळतोच असे नाही. एका पडद्यावर पेन्सिल ‘दुरुस्ती’ व दुसऱ्यावर ‘नवे लेखन’ दर्शवीत असेल, तर तो दोष पट्टीने मोजता येत नाही. दोन्ही पडदे शेजारी ठेवूनच तो उमगतो.