चतुर्थांश-वाहन प्रतिमान

चार चाकांपैकी एकच चाक आणि त्यावर येणारा वाहनाचा भार विचारात घेऊन निलंबनाचा अभ्यास करण्याचे गणिती प्रतिमान. यात वरचे वस्तुमान स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांवर, आणि चाकाचे वस्तुमान टायररूपी दुसऱ्या, बहुधा दसपट ताठ स्प्रिंगवर आधारलेले मानतात.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मुरमाच्या जंगलरस्त्यांवर वाहतुकीने आडव्या लाटा उमटतात. समजा, अशा रस्त्यावरील जीपचे वरचे वस्तुमान ३०० किग्रॅ., चाकाचे ४० किग्रॅ., स्प्रिंगची दृढता २०,००० व टायरची २,००,००० न्यूटन प्रतिमीटर आहे. तर गाडीचा सांगाडा सेकंदास सुमारे १.२ वेळा आणि चाक सुमारे १२ वेळा आंदोलन पावते. लाटांमधील अंतर ७५ सेंमी. असल्यास ताशी ३२ किमी. वेगाला चाकाचा अनुनाद साधतो. टायरवरील भार कमीजास्त होत शून्यावर आला की चाक जमीन सोडते, आणि त्या क्षणी ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात.

स्प्रिंग मऊ केल्यास प्रवाशांस बसणारे हादरे घटतात. परंतु दृढता निम्मी केली, तर केवळ भारामुळे होणारे १५ सेंमी.चे दबणे २९ सेंमी. होते, आणि खड्ड्यात स्प्रिंगची चाल संपून रबरी ठोकळ्यावर आघात होतो. अवमंदन वाढविल्यास चाकाची उडी आवरते, मात्र बारीक खड्ड्यांचे धक्के थेट आसनापर्यंत पोहोचतात. म्हणून अवमंदन-गुणोत्तर सामान्यतः ०.२ ते ०.४ ठेवण्याची तजवीज करतात. गाडीचे डोलणे व वळणावरील कलणे मात्र या प्रतिमानाच्या कक्षेबाहेर राहते.