काटा खाली आला तेव्हा

दुपारी ४.३० : इलेक्ट्रॉनिक सिटी. गाडी सुरू. सात-आठ मिनिटांत तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरा खाली येऊन थांबला. निरोगी इंजिनात कूलंट साधारण ८५ ते १०० अंशांत राहतं आणि या टप्प्यात बहुतेक गाड्यांचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. म्हणूनच तो जरासा जरी हलला तरी आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

४.५० : होसूर रस्त्याचा उड्डाणपूल. वेग चांगला, समोरून वारा. रेडिएटरला फॅनची गरजच नव्हती, त्यामुळे फॅन बंद पडलाय हे कळायला मार्ग नव्हता.

५.२० : सिल्क बोर्ड. गाड्या जागच्या जागी. बायको म्हणाली, "अहो, एसी गार लागत नाहीये." मी म्हटलं, ऊन आहे. खरं तर तोच फॅन एसीच्या कंडेन्सरलाही वारा देतो. पहिली खूण ती होती.

५.३५ : काटा अर्ध्याच्या वर. गर्दी थोडी सुटली आणि तो खाली आला. मला हायसं वाटलं. उभ्या गाडीत चढणारा आणि धावत्या गाडीत उतरणारा काटा जवळजवळ नेहमी फॅनकडे बोट दाखवतो. उलट मोकळ्या रस्त्यावर चढला असता, तर आधी कूलंटची गळती, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप तपासावा लागला असता.

६.०० : बेळंदूर. काटा लाल पट्टीपाशी. एसी बंद केला. गाडी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करायला हवं होतं; तेही जमत नसेल तर निदान हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे थोडी उष्णता आत येऊन बाहेर पडते. घर जवळ आलंय, एवढाच विचार मी केला.

६.१० : बॉनेटच्या फटीतून वाफ. आणि काटा झपकन खाली! गाडी सावरली असं वाटून आणखी किलोमीटरभर नेली. कूलंट उकळून बाहेर गेलं होतं. सेन्सर द्रवात बुडालेला असतो. तो उघडा पडला की वाफेचं भलतंच तापमान दाखवतो.

६.१५ : टकटक आवाज, ताकद गेली, इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण उघडायला हात पुढे गेला, बायकोने तो धरला. बंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. इथे उघडं पाणी ९७ अंशांनाच उकळतं. आतलं त्याहून तापलेलं पाणी झाकणाच्या दाबामुळेच द्रव राहतं. दाब सुटता क्षणी ते तोंडावर उसळतं.

दुसऱ्या दिवशी, ११.०० : मेकॅनिकने डिपस्टिक काढली. ऑइल दुधाळ कॉफीसारखं. हेड गॅस्केट गेलं होतं. काढलेल्या अॅल्युमिनियम हेडवर त्याने पोलादी पट्टी उभी धरली. मधोमध पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली.

फॅनची मोटर हाताने फिरवत त्याने विचारलं, "एसी गार कधीपासून नव्हता?"

"सिल्क बोर्डपासून."