वऱ्हाडी दप्तरांतील 'करणें' व 'करावें' : इंग्रजी-मराठी शासकीय वाक्प्रयोगांविषयीं टिपण

राज्यव्यवहारकोशाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रचलेल्या त्या कोशांत राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्ग आहेत, आणि फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. परंतु त्याची एक मर्यादा सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. तो कोश नामांचा आहे. कचेरीचें काम नुसत्या नामांनीं चालत नसून ठराविक वाक्यांनीं चालतें. आणि अधिकार कोणाचा व कोणावर, हें त्या वाक्यांच्या क्रियापदांत असतें. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील दुभाषी दप्तरें ज्यांच्या संग्रहांत आहेत, त्यांस या भेदाचा उपयोग होईल असें वाटल्यावरून पुढील टिपण सादर करीत आहों.

वऱ्हाडची स्थिति प्रथम ध्यानांत घ्यावी. इ. स. १८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला गेला. १९५० च्या राजभाषा कायद्यानें मध्यप्रदेशांत हिंदी व मराठी या दोन्ही भाषा राजभाषा ठरल्या. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आलें व ता. १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. म्हणजे एकाच कचेरीनें थोडक्या वर्षांत तीन परिभाषा पाहिल्या. मुंबईकडे ज्यास कलेक्टर म्हणत, तो येथें डिप्टी कमिशनर होता. तिकडील मामलेदार येथें तहसीलदार, व तिकडील तलाठी येथें पटवारी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें या दोन परंपरांची वांटणी मोठ्या गमतीनें केली : तहसीलदार हा शब्द आमच्याकडचा घेतला, तलाठी मात्र त्यांच्याकडचा. खेड्यांतील लोकांनीं ही वांटणी मनावर घेतलेली नाहीं. त्यांच्या तोंडीं पटवारीच आहे.

१९६० मध्यें स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानें पदनाम कोश सिद्ध केला, तसाच 'प्रशासन वाक्प्रयोग' हा संग्रहही सिद्ध केला. पहिल्यांत पदांचीं नांवें आहेत, दुसऱ्यांत कचेरींत नित्य लागणारीं सबंध इंग्रजी वाक्यें व वाक्यांश, आणि त्यांचे मराठी पर्याय. आमच्या मतें दुसरें काम अधिक अवघड होतें. 'रिमाइंडर' यास स्मरणपत्र म्हटलें कीं झालें. पण 'मे बी फाइल्ड' यास काय म्हणावें?

'दप्तरदाखल करावें' असें उत्तर कोणीही देईल, व तें बरोबरही आहे. अडचण पुढें येते. मोडी पत्रें वाचणारांस ठाऊक आहे कीं पेशवाईंतील लेखनांत आज्ञेच्या पायऱ्या क्रियापदानेंच दाखवीत. हाताखालच्या कामगारास लिहितांना 'सदरहूप्रमाणें करणें, जाणिजे'. बरोबरीच्यास 'करावें, हे विनंति'. आणि वरिष्ठास 'करावयास आज्ञा व्हावी, हे विज्ञापना'. पत्राचा मायना फाटून गेला असला तरी शेवटच्या ओळीवरून लिहिणाराची व घेणाराची पायरी बहुधा ओळखतां येते. अर्वाचीन कचेरींत 'करणें' हें आज्ञार्थी रूप मागें पडलें आणि 'करावें' या एकाच रूपावर तिन्ही पायऱ्यांचा भार आला. इंग्रजींत मात्र कारकुनाची सूचना 'मे', वरिष्ठाचा हुकूम 'शुड' किंवा नुसती आज्ञा, अशी वांटणी कायम राहिली.

हें एका कल्पित प्रकरणावरून पाहूं. मूर्तिजापूर तालुक्यांतील एका खातेदाराचा अर्ज अकोल्याच्या कचेरींत आला आहे असें समजा. कारकून टिप्पणींत लिहितो : 'तहसीलदारांकडून अहवाल मागवावा. आदेशार्थ सादर.' अधिकारी खालीं लिहितो : 'अहवाल मागवावा.' क्रियापद दोहोंचें एकच. पहिलें वाक्य सूचना आहे, दुसरें हुकूम आहे. इंग्रजी करतांना पहिल्यास 'मे बी कॉल्ड फॉर' व दुसऱ्यास 'कॉल फॉर' असें म्हटलें पाहिजे. भाषांतरकारानें कोशांतील जोडी पाहून दोन्हीकडे 'मे' घातला, तर अधिकाऱ्यानें हुकूम दिलाच नाहीं असें इंग्रजी कागद बोलूं लागतो. उलट दोन्हीकडे हुकूमच घातला तर कारकुनानेंच निर्णय केला असें दिसतें. मूळ मराठींत हा संशय येत नाहीं, कारण तेथें भेद शब्दांत नसून स्वाक्षरींत आहे.

कायद्याच्या मराठीनें ही अडचण निराळ्या रीतीनें सोडविली. तेथें 'शॅल' यास साधा भविष्यकाळ, 'जिल्हाधिकारी चौकशी करील', आणि 'मे' यास 'चौकशी करतां येईल' अशी योजना रूढ झाली. ही योजना आम्हांस पसंत आहे. 'करील' हें भविष्य नव्हे, विधि आहे, हें नवख्या वाचकास प्रथम कळत नाहीं इतकाच तिचा दोष.

दुसरी एक त्रयी आहे, तींत चूक झाली तर पक्षकाराचें नुकसान होतें. 'सब्जेक्ट टू' म्हणजे 'च्या अधीन राहून'. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'कांहींही अंतर्भूत असलें तरी'. आणि 'विदाउट प्रेज्युडिस टू' म्हणजे 'यास बाध न येतां'. ज्यांनीं व्याकरणांतील उत्सर्ग व अपवाद यांचा अभ्यास केला आहे त्यांस हें चटकन् उमजेल. 'अधीन' म्हणणारें वचन स्वतः बाध्य होतें, विरोध आल्यास तें माघार घेतें. 'असलें तरी' म्हणणारें वचन बाधक होतें, विरोधी वचनास हटवितें. 'बाध न येतां' म्हणणारें वचन बाध्यही नाहीं व बाधकही नाहीं. दोन्ही वचनें आपापल्या जागीं चालतात.

समजा, सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाबद्दल मराठी मसुदा असा आहे : 'फौजदारी कारवाईस बाध न येतां दंड वसूल करतां येईल.' म्हणजे खटलाही चालेल व दंडही घेतां येईल. आतां मसुदा करणारानें, दोन्ही वाक्यांश सारखेच भारदस्त आहेत म्हणून, 'फौजदारी कारवाईच्या अधीन राहून' असें लिहिलें. अतिक्रमण करणाराचा वकील लागलाच उभा राहून म्हणेल कीं दंड हा खटल्याच्या निकालावर अवलंबून आहे, निकाल होईपर्यंत वसुली थांबवा. चार अक्षरांच्या फेरानें वसुली वर्षानुवर्षें लांबणीवर पडावी, असें हें स्थान आहे. चूक ओळखण्याची सोपी खूण अशी : दोन वचनें एकाच वेळीं लागूं पडलीं तर कोणतें टिकावें, हें मनाशीं विचारावें. दोन्ही टिकावयाचीं असतील तर 'अधीन' शब्द तेथें येतां कामा नये.

संग्राहकांस एक विनंति आहे. कचेरीच्या नस्तीला दोन अंगें असतात, टिप्पणीचें व पत्रव्यवहाराचें. जुने कागद विकणारे बहुधा शिक्क्याचीं पत्रें वेगळीं काढतात आणि टिप्पणीचे ताव रद्दींत घालतात, कारण त्यांवर मोहोर नसते, अक्षरही घाईचें असतें. पण वर सांगितल्याप्रमाणें 'करावें' ही सूचना कीं हुकूम, याचा उलगडा टिप्पणींतील दोन हातांवांचून होत नाहीं. अशा तावांवर तारीख नसल्यास पदनामांकडे पहावें : डिप्टी कमिशनर व पटवारी असल्यास कागद मध्यप्रांती वळणाचा, जिल्हाधिकारी व तलाठी असल्यास पुढच्या वळणाचा. मात्र जुने कारकून नव्या अमदानींतही हातवळणाचेच शब्द लिहीत असणार, म्हणून केवळ एका 'पटवारी'वरून साल ठरवूं नये. 'अधिसूचना', 'पृष्ठांकन', 'अधोस्वाक्षरीकार' अशीं नवीं संस्कृत रूपें त्याच तावावर आहेत कीं नाहींत तेंही पहावें.