वॉशिंग्टनची खाडाखोड

१७९६ साली अध्यक्षपद सोडताना जॉर्ज वॉशिंग्टनने देशाला उद्देशून लिहिलेला कच्चा मजकूर हॅमिल्टनकडे पाठवला. सांगितलं, भाषा साधी हवी. हॅमिल्टन एका राजकीय गटाचा म्होरक्या. त्याचा आवाज ऐकू आला असता तर लेख त्या गटाचा ठरला असता.

हॅमिल्टनने एक मसुदा नव्याने लिहिला, दुसऱ्यात जुन्याचीच डागडुजी केली. गंमत म्हणजे वॉशिंग्टनला नवा आवडला. तो त्याने स्वतःच्या हाताने उतरवला, ३२ पानं! आपण कॉपी-पेस्ट करून मोकळे होतो. हाताने लिहिताना मात्र आपल्या तोंडी नसलेला शब्द लेखणीला अडतो. त्याने शब्द बदलले, ओळी खोडल्या. प्रुफांत विरामचिन्हंही स्वतः तपासली. १९ सप्टेंबरला लेख फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापून आला.