डच रोल : हेलकाव्याने तोडलेली इंजिने

१/ १९ ऑक्टोबर १९५९. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यावर नव्या बोइंग ७०७ मध्ये वैमानिकांचे प्रशिक्षण चालले होते. विषय : ‘डच रोल’.

२/ मागे झुकलेल्या पंखांच्या विमानाचे नाक उजवीकडे वळले, की डावा पंख पुढे येऊन अधिक उचलला जातो. विमान उजवीकडे कलते, नाक परत फिरते आणि तोच खेळ उलट बाजूने सुरू होतो.

३/ ‘फ्युगॉइड’ या दुसऱ्या आंदोलनात विमान संथपणे वर-खाली होते. ते सावरायला सवड मिळते. डच रोलमध्ये क्षणभर उशिरा केलेला उपाय हेलकावा वाढवतो.

४/ त्या दिवशी विमान मर्यादेबाहेर कलले. तीन इंजिने तुटली. आठांपैकी चौघे मृत्युमुखी पडले.

५/ ‘यॉ डॅम्पर’ नाक वळण्याचा वेग जायरोस्कोपने मोजून शेपटीचे सुकाणू वेळीच उलट फिरवतो. तो नसताना विमान कसे सावरावे, याचाच तो सराव होता.