खुलताबाद तालुका : ग्रामनामे

खुलताबाद तालुका. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा (2023 पूर्वीचा औरंगाबाद जिल्हा) शहराच्या वायव्येस पसरलेला डोंगराळ तालुका. वेरूळची लेणी सर्वविश्रुत असल्याने त्यांचे वर्णन येथे केलेले नाही. प्रस्तुत नोंदीत तालुक्यातील ग्रामनामांचाच विचार केला आहे. वृद्धांच्या तोंडून कळणारी नामकथा, निजामी दप्तरातील लेखन आणि जुने शिलालेख व ताम्रपट हे तिन्ही पुरावे शेजारी ठेवून पाहावेत, असे हे क्षेत्र आहे.

ठाण्याच्या गावाचे जुने नाव रौजा. या शब्दाचा मूळ अर्थ बाग, आणि पुढे थोरांची समाधी. चौदाव्या शतकात येथे आलेल्या चिश्ती सूफींपैकी बुऱ्हानुद्दीन गरीब 1337 मध्ये येथेच निवर्तले, आणि त्यांच्या व इतर सूफींच्या दर्ग्यांमुळे ते नाव रूढ झाले. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ मृत्यू पावला व त्याच्या इच्छेनुसार येथे पुरला गेला. मरणोत्तर त्यास ‘खुल्दमकान’, म्हणजे शाश्वत स्वर्गात ज्याचे वास्तव्य तो, ही पदवी मिळाली व तीवरून गाव खुल्दाबाद झाले. मराठी जिव्हेने ‘द’चा ‘त’ करून खुलताबाद केले आणि सरकारी पाटीनेही तेच स्वीकारले. भद्रा मारुतीच्या दर्शनास येणारे भाविक मात्र भद्रसेन राजाची व त्याच्या भद्रावती नगरीची कथा सांगतात. ती देवस्थानाची कथा म्हणून जपून ठेवावी, गावनामाचा पुरावा म्हणून पुढे करू नये.

वेरूळच्या नावाचा माग सर्वांत लांबवर जातो. राष्ट्रकूट कर्कराजाच्या बडोदे ताम्रपटात (इ. स. 812) एलापुर येथील कृष्णराजाच्या अद्भुत मंदिराचा उल्लेख आहे, आणि महानुभावांच्या लीळाचरित्रातही स्थळाचे नाव एलापुर असेच येते. दोन स्वरांमधील ‘प’ गळून पुरचे उर होणे मराठीस अपरिचित नाही; त्यानंतर आरंभी व-कार येऊन ‘ल’ व ‘र’ यांनी जागा बदलल्या की वेरूळ हे रूप सिद्ध होते. गावची येळगंगा नदी जुना एकार अद्यापि वागविते.

म्हैसमाळचे (उंची सुमारे 1,067 मीटर) दोन अर्थ कानी येतात: गुराखी म्हशींचा माळ म्हणतो, तर गिरिजामातेचा उपासक महेशमाळ. गिरिजेच्या सन्निध महेश असावा ही अपेक्षा स्वाभाविक असली, तरी संकलकाने अशा वेळी सावध राहावे, कारण ग्राम्य वाटणारे नाव संस्कृताच्या पंक्तीस बसविण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे, उलट देवाचे नाव असलेल्या जागेस कोणी म्हशीचे नाव सहसा देत नाही. शूलिभंजनाचे तसे नाही. एकनाथांच्या तपश्चर्येच्या परंपरेने पुनीत झालेल्या त्या टेकडीचे नावच संस्कृत आहे.

पळसवाडी, बोरगाव ही नावे वृक्षांची असून त्यांना कथा लागत नाही. अडचण एकाच नावाची अनेक गावे असल्याने उत्पन्न होते. सावंगी हर्सूलजवळही आहे, म्हणून येथील आठवडी बाजाराची ती बाजार सावंगी. टाकळ्याही पुष्कळ, म्हणून एक टाकळी राजेराय, ज्यातील उत्तरपद उघडच पदवीवाचक आहे. असली विशेषणे गावकऱ्यांपेक्षा महसुली दप्तरास अधिक हवी असतात, आणि म्हणून त्यांचा उलगडाही दप्तरातच शोधावा लागतो. गल्ले बोरगावचे उदाहरण घ्यावे. फारसीत ‘गल्ला’ म्हणजे धान्य, आणि ‘गल्ला’ म्हणजे गुरामेंढरांचा कळपही. पण पहिला शब्द ‘ग़ैन’ने व दुसरा ‘गाफ’ने लिहिला जातो. देवनागरीत हा भेद पुसला जातो आणि वृद्धांच्या उच्चारातही तो उरत नाही, त्यामुळे धान्याचे बोरगाव सांगणारा व कळपाचे सांगणारा, दोघेही सारख्याच खात्रीने बोलू शकतात. उर्दू पाहणीपत्रकातील आद्याक्षर पाहिल्यावाचून येथे निवाडा करणे व्यर्थ होय. आणि कारकुनाने नाव कानाने ऐकून लिहिले असण्याचा संभव असल्याने एकाहून अधिक पत्रके ताडून पाहावीत.

कागजीपुऱ्याच्या नावास दप्तराची गरज नाही. हातकागद करणाऱ्यांची ही वस्ती; मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली त्या काळाशी परंपरा तिचा संबंध जोडते. चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून, साच्यावर उचलून, ताव सुकवावयाचे हे काम. कसब फारसी नावाचे आणि पुरा मात्र संस्कृत पुराचा.

शेती मुख्यतः कोरडवाहू. कापूस, मका, बाजरी व आले. वेरूळ लेणी 1983 पासून जागतिक वारसा यादीत असून तेथील यात्रेकरू व प्रवाशांवर पुष्कळांची उपजीविका चालते.